जोखीम नोंदवहीतली एक ओळ

तिघांची टीम दवाखान्यासाठी अपॉइंटमेंटचं अ‍ॅप बनवते आहे. जोखीम परिणामासकट लिहावी: ‘ओटीपीच्या एसएमएसचा मजकूर डीएलटीवर वेळेत मंजूर झाला नाही, तर रुग्णांना लॉगिन करता येणार नाही.’ शक्यता ५ पैकी ३, परिणाम ४, गुणाकार १२. जबाबदार कोण, या रकान्यात ‘टीम’ नको. एकाच माणसाचं नाव हवं. उपाय: पहिल्याच आठवड्यात अर्ज करून शक्यता घटवणं. रिलीजच्या दोन आठवडे आधीपर्यंत मंजुरी नसेल, तर ओटीपी ईमेलवर. मंजुरी आली की ओळ बंद.

गुणाकारावर मात्र विसंबू नका. रुग्णांचा डेटा बॅकअपअभावी कायमचा जाणं १ × ५, म्हणजे अवघे ५ गुण. तरीही ती ओळ दर आठवड्याला वाचायलाच हवी.