घसा तुंबलेली पिसू

मुंबईत प्लेग आला तो १८९६ साली. त्यानंतर नऊ-दहा वर्षांनी परळच्या प्रयोगशाळेत प्लेग संशोधन आयोगाने एक साधा प्रयोग केला. ज्या खोलीत प्लेगच्या पिसवा मोकळ्या होत्या, तिथे निरोगी गिनिपिगांचे काही पिंजरे जमिनीवर ठेवले आणि काही सुमारे दोन फूट उंच टांगले. जमिनीवरचे गिनिपिग प्लेगने मेले, टांगलेले वाचले. उंदरावरची पिसू साधारण चार इंचच उंच उडी मारते. म्हणजे रोग हवेतून किंवा दूषित जमिनीच्या वाफांतून येत नव्हता, तो उडी मारून येत होता. उलट पिसवाच नसतील, तर आजारी आणि निरोगी गिनिपिग एकाच जागेत एकत्र ठेवले तरी रोग पसरत नसे.

त्याआधी १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने पिसवेवर बोट ठेवले होते, पण त्याच्यावर फारसा कुणी विश्वास ठेवला नव्हता. परळच्या प्रयोगांनी तो प्रश्न मिटवला. मात्र दुसरा प्रश्न उरला. पिसू रक्त शोषते, म्हणजे आत घेते. मग जंतू बाहेर कसे पडतात? पिसवेच्या विष्ठेत जंतू असतात आणि खाजवताना ते चाव्याच्या जखमेत शिरतात, असे आयोगाला वाटे. खरे उत्तर १९१४ साली लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये आर्थर बेकॉट आणि सी. जे. मार्टिन यांनी शोधले. बेकॉट मूळचे कारकून, हौसेने कीटकांचा अभ्यास करणारे. पुढे १९२२ मध्ये कैरोत टायफसवर काम करताना त्याच रोगाने त्यांचा मृत्यू झाला.

बेकॉट आणि मार्टिन यांनी प्लेगच्या पिसवांना रक्त पिऊ दिले आणि मग त्या चिरून पाहिल्या. काही पिसवा जोर लावून शोषत होत्या, पण त्यांच्या जठरात ताज्या रक्ताचा थेंबही नव्हता. रक्त अन्ननलिकेतच अडकले होते.

अन्ननलिका आणि जठर यांच्या मध्ये पिसवेला एक झडप असते. तिच्या आत काट्यांच्या दाट रांगा असतात. पिसू रक्त पीत असताना ही झडप उघडझाप करते आणि आत गेलेले रक्त परत येऊ देत नाही. प्लेगचे जंतू नेमके याच काट्यांत घर करतात. ते स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात, एकमेकांना धरून ठेवतात आणि वाढता वाढता झडप बुजवून टाकतात.

एका पिसवेचा प्रवास पाहू. मरणाच्या दारात असलेल्या उंदराच्या रक्तात दर मिलिलिटरला दहा कोटींच्या आसपास जंतू असू शकतात. पिसवेच्या पोटात मावते ते थेंबाचा अगदी छोटा अंश, म्हणून उंदराचे रक्त एवढे जंतूंनी भरलेले असेल तरच तिला पुरेसा संसर्ग होतो. उंदीर मरतो, त्याचे अंग गार पडते, आणि ऊब शोधणारी पिसू त्याला सोडून दुसरे अंग शोधते. पुढचे काही दिवस ती नेहमीसारखी पिते. काही पिसवा जंतू विष्ठेतून बाहेर टाकून मोकळ्याही होतात. पण ज्यांच्या झडपेत जंतू टिकतात, त्यांची झडप साधारण एक ते चार आठवड्यांत तुंबते. मग पिसवेची उपासमार सुरू होते. ती चावते, डोक्यातला पंप रक्त ओढतो, अन्ननलिका फुग्यासारखी ताणली जाते आणि ते रक्त जंतूंच्या गोळ्यावर जाऊन आदळते. पंप सैल पडला की ताणलेली नळी आकसते आणि गोळ्यावरचे जंतू घेऊन रक्त मागे, चाव्याच्या जखमेत उलटते. भूक भागत नाही, म्हणून ती पुन्हा चावते, पुन्हा जागा बदलते. काही दिवसांत ती मरते, पण तोवर तिचा प्रत्येक चावा धोक्याचा असतो. झडप अर्धवट तुंबलेली पिसू तर अधिक घातक ठरू शकते, कारण तिला थोडे रक्त मिळते आणि ती जास्त दिवस जगते.

हा गोळा तयार होण्यासाठी थंडावा लागतो. अंदाजे २८ अंश सेल्सियसच्या वर तापमान गेले की जंतूंना ते चिकट आवरण नीट बनवता येत नाही आणि झडप तुंबणे कमी होते. अमेरिकी संशोधक कॅव्हनॉ यांनी १९७१ मध्ये यावर नेमके बोट ठेवले. पण बेकॉट आणि मार्टिन यांनी आधीच दुसरी गोष्ट सुचवली होती. तुंबलेल्या पिसवेला पाणीही मिळत नाही, त्यामुळे कोरड्या उन्हाळ्यात ती लवकर वाळून मरते आणि दमट, गार हवेत अधिक काळ तग धरते. पंजाबात जून लागताच साथ का ओसरत असे, याचे उत्तर या दोन गोष्टींत आहे.

या पिसवेचे शास्त्रीय नाव झेनोप्सायला किओपिस. ती अंडी उंदराच्या अंगावर घालते, पण ती चिकटत नाहीत, घरंगळून बिळात, कौलांच्या फटीत, धान्याच्या पोत्यांमागे पडतात. अंड्यातून निघालेली आंधळी अळी मोठ्या पिसवांच्या विष्ठेतले वाळलेले रक्त खाऊन वाढते. पुढे ती कोश विणते आणि ऊब किंवा हादरा जाणवेपर्यंत त्यात थांबून राहू शकते. अळीला ओलावा हवा. म्हणून उंदराचे घरटे हेच तिचे खरे घर. मुंबईच्या चाळीत काळा उंदीर माणसाच्या डोक्यावरच्या छपरात घरटे करत असे, तर गटारातली तपकिरी जात जरा दूर असे. आयोगाला दिसले, की आधी तपकिरी उंदरांत मरणाची लाट येते, साधारण दहा दिवसांनी काळ्या उंदरांत आणि त्यानंतर दहा-पंधरा दिवसांनी माणसांत. उंदीर पडू लागले की माणसे घाबरत, ती भीती अगदी रास्त होती.

मद्रासमध्ये मात्र उंदीर असूनही प्लेग फारसा रुजला नाही. १९१३ च्या सुमारास कोलंबोतल्या हर्स्ट यांनी दाखवले, की तिकडच्या उंदरांवर अस्टिया नावाची दुसरी पिसू जास्त असते आणि ती प्लेग पसरवण्यात कमकुवत ठरते. जातीच्या फरकाने शहरांचे भवितव्य असे ठरत होते.

तुंबलेली झडप हे पूर्ण उत्तर नाही, हेही सांगायला हवे. २००६ मध्ये अमेरिकेत दिसले, की खारींवरची एक पिसू झडप तुंबण्याआधीच, पहिल्या काही दिवसांत जंतू देऊ शकते. त्यासाठी पिसवा मात्र मोठ्या संख्येने लागतात, असे दिसते.

१८९७ मध्ये पुण्या-मुंबईत घरांवर कार्बोलिकचे पाणी मारले गेले, सामान जाळले गेले. घरट्यातली पिसू त्याने मरत नव्हती, आणि हाकललेले उंदीर तिला शेजारच्या घरी घेऊन जात. घरदार सोडून माळावर झोपड्या बांधून राहिलेली माणसे मात्र पिसवांपासूनच दूर जात होती, म्हणून वाचत. आता साथीच्या ठिकाणी आधी बिळांत आणि उंदरांच्या वाटेवर कीटकनाशक भुकटी टाकतात आणि नंतरच उंदीर मारतात. आधी उंदीर मारला, तर गार पडलेल्या उंदरावरच्या पिसवा उबदार अंगाच्या शोधात बाहेर पडतात, आणि घरात ऊब असलेली माणसेच असतात.