दाढ काढायची आहे, पण असिट्रॉम चालू आहे

समजा, बेटेगावच्या एका काकूंच्या हृदयात धातूची झडप आहे आणि त्या रोज असिट्रॉम घेतात. दाढ दुखली की घरचे म्हणतात, "चार दिवस गोळी बंद ठेव." इथेच घात होतो. दाढेचं रक्त दाबून थांबवता येतं; झडपेवर गुठळी झाली, तर तिथे बोट कुठून पोचणार?

म्हणून गोळी चालूच ठेवायची आणि आदल्या दिवशी आयएनआर तपासायचा. काकूंचा आला २.८. चारच्या खाली असला की एखादी दाढ दवाखान्यात काढता येते. सकाळीच काढावी, रक्त आलंच तर दिवस हाताशी असतो. खड्ड्यात जिलेटिन स्पंज, वर टाके, मग ओला गॉज अर्धा तास घट्ट चावून धरायचा. सारखा उचलून बघायचा नाही!

डॉक्टरांनी सांगितलं तर ट्रानेक्सॅमिक ॲसिडची ५०० मिलिग्रॅमची गोळी १० मिलिलिटर पाण्यात कुटून, दोन मिनिटं तोंडात धरून थुंकायची. दिवसातून चारदा, दोन दिवस.

दुखण्यावर पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन नको. आणि मेट्रोनिडाझोल घेतलं तर आयएनआर चढतो, मग थांबलेलं रक्त काही दिवसांनी पुन्हा सुरू होतं. लाळ गुलाबी दिसली तर चालेल. तोंड रक्ताने भरत राहिलं, तर पुन्हा अर्धा तास दाबा. तरी थांबेना, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

हिमोफिलियाचं गणित वेगळं. तिथे आधी रक्ततज्ज्ञ, बहुतेकदा फॅक्टर, आणि मगच दाढेला हात.