वाक्य श्वासाएवढे असावे

पाणीकपातीची सूचना आता पत्रकासोबत व्हिडिओतूनही येते. गेल्या आठवड्यातला तसा एक व्हिडिओ मी तीनदा पाहिला. अधिकारी जाणकार होते, पण वाक्याच्या मध्यावर त्यांचा दम संपला आणि नजर डावीकडून उजवीकडे सरकताना स्पष्ट दिसली. दोष त्यांचा नाही. टेलिप्रॉम्प्टरवर कुणीतरी पत्रकच जसेच्या तसे चढवले होते.

अशा पत्रकातले वाक्य साधारण असे असते: ‘मुख्य जलवाहिनीच्या दुरुस्तीचे काम हाती घेण्यात येणार असल्यामुळे गुरुवारी सकाळी ९ ते रात्री ९ या वेळेत शहराच्या पूर्व भागातील पाणीपुरवठा बंद राहणार आहे.’ मराठीत क्रियापद शेवटी येते. म्हणजे पाणी येणार की जाणार, हे कळायला ऐकणाऱ्याला शेवटच्या शब्दापर्यंत थांबावे लागते आणि तोवर बोलणाऱ्याची हवा संपलेली असते. अशा वाक्यात नुसत्या विरामखुणा घालून भागत नाही. ते मोडूनच लिहावे लागते:

पूर्व भागात / गुरुवारी पाणी नाही. //
सकाळी नऊ ते रात्री नऊ, /
बारा तास / नळ बंद राहतील. //
मुख्य जलवाहिनीची / दुरुस्ती आहे. //
बुधवारी रात्रीच / पाणी भरून ठेवा. //

एक तिरकी रेघ म्हणजे क्षणभर थांबणे. दोन रेघा म्हणजे पूर्ण श्वास; तिथे प्रॉम्प्टर चालवणाराही मजकूर थांबवतो. ज्या शब्दावर जोर द्यायचा तो ठळक करावा, पण एका ओळीत असा शब्द एकच हवा. ‘रात्रीच’ मात्र ठळक करू नये, कारण तिथला ‘च’च जोर देतो. दोन्ही केले की वाचणारा ओरडल्यासारखा वाटतो. आकडे अक्षरांत लिहावेत, म्हणजे डोळा अडखळत नाही.

ओळ कुठे तुटते, हा माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. ओळ संपली की वाचणारा नकळत थांबतो, खूण असो वा नसो. ‘मुख्य’ एका ओळीत आणि ‘जलवाहिनी’ पुढच्या ओळीत गेली, तर विराम चुकीच्या जागी पडणारच. ऐनवेळी अक्षर मोठे केले की नेमके हेच होते. म्हणून चार-पाच शब्दांचीच ओळ ठेवावी. नजरेचे सरकणेही त्यानेच कमी होते.

खुणा केलेली छापील प्रतही हाताशी असावी. २२ सप्टेंबर १९९३ रोजी अमेरिकी काँग्रेसपुढे आरोग्य योजनेवर बोलताना बिल क्लिंटन यांच्या प्रॉम्प्टरवर भलतेच भाषण आले होते. सुमारे सात मिनिटे ते प्रॉम्प्टरशिवाय बोलले.

कॅमेऱ्यापुढे कसे उभे राहावे, याच्या प्रशिक्षणावर खर्च करण्याआधी कार्यालयांनी पत्रक लिहिणाऱ्याला एवढेच सांगावे: मजकूर पाठवण्यापूर्वी उभे राहून मोठ्याने वाचा आणि जिथे दम लागेल तिथे वाक्य तोडा.