ट्रॉम्सोची दुपार

उत्तर नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरात 20 मेच्या सुमारास उगवलेला सूर्य जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मावळत नाही. पृथ्वीचा आस सुमारे 23.4 अंशांनी कललेला आहे. जूनमध्ये उत्तर ध्रुव सूर्याकडे झुकतो, त्यामुळे सुमारे 69.6 अक्षांशावरचं हे शहर पृथ्वीच्या पूर्ण फेरीत एकदाही सावलीत जात नाही. 21 जूनच्या मध्यरात्री सूर्य उत्तरेला, क्षितिजाच्या तीन अंश वर असतो.

डिसेंबरात नेमकं उलट. भर दुपारीही सूर्य क्षितिजाखाली तीन अंश. पण म्हणून काळाकुट्ट अंधार समजू नका. दुपारी काही तास निळसर संधिप्रकाश असतो, त्यात रस्ता नीट दिसतो.

गंमत म्हणजे हा हिशोब समसमान नाही. उजेड दोन महिने, सूर्यलोप मात्र सात आठवडे. वातावरण सूर्यकिरणांना वाकवून क्षितिजाखालचा सूर्यही वर दाखवतं. शिवाय बिंबाची नुसती कड दिसली तरी दिवसच धरतात.

जानेवारीच्या मध्यावर सूर्य परततो, पण डोंगराआड. शहरात तो साधारण 21 जानेवारीला दिसतो, आणि त्या दिवशी तिथले लोक जॅम भरलेले गोल, तळलेले गोड पाव खातात.