इलेक्ट्रॉनाची दोन टप्प्यांची चढण

लाल प्रकाशाच्या एका कणात, म्हणजे एका फोटॉनमध्ये, साधारण १.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते. पाण्याच्या रेणूतून एक इलेक्ट्रॉन काढून तो एनएडीपी या रेणूपर्यंत पोचवायला कागदावर १.१४ पुरतात. म्हणजे एका फोटॉनात काम भागून वर काही शिल्लक राहायला हवे. तरीही झाडाचे पान एका इलेक्ट्रॉनामागे दोन फोटॉन खर्च करते. हा दुसरा फोटॉन कशासाठी, हे कळले की प्रकाशसंश्लेषणाचा पहिला अंक समजला.

प्रकाश दोन ठिकाणी पडावा लागतो, याचा सुगावा रॉबर्ट इमर्सन या अमेरिकन शास्त्रज्ञाला क्लोरेला नावाच्या हिरव्या शेवाळात लागला. १९४३ साली चार्ल्टन लुईस यांच्याबरोबर मोजणी करताना त्यांना दिसले, की ६८० नॅनोमीटरपलीकडच्या गडद लाल प्रकाशात हरितद्रव्य प्रकाश शोषून घेते, पण ऑक्सिजन मात्र फारच कमी निघतो. १९५७ मध्ये त्यांनी त्याच गडद लाल प्रकाशाच्या जोडीला कमी लांबीच्या लहरींचा दुसरा प्रकाश टाकला. दोन्ही मिळून निघालेला ऑक्सिजन दोघांच्या वेगवेगळ्या बेरजेपेक्षा जास्त भरला. एकटा निकामी ठरणारा प्रकाश जोडीदार मिळताच कामाला लागला होता. १९५९ मध्ये विमान अपघातात इमर्सन गेले. पुढच्याच वर्षी केंब्रिजच्या रॉबर्ट हिल आणि फे बेंडॉल यांनी दोन प्रकाशक्रिया एकापुढे एक जोडणारी आकृती प्रसिद्ध केली. तीच आज झेड स्कीम म्हणून पाठ्यपुस्तकांत असते.

ही जोडणी खरी असल्याचा पुरावा १९६१ मध्ये नेदरलँड्समधल्या लुई डॉयसेन्स आणि सहकाऱ्यांनी दिला. मला तो या साऱ्या विषयातला सर्वांत देखणा प्रयोग वाटतो. त्यांनी लाल शेवाळातल्या सायटोक्रोम या प्रथिनावर नजर ठेवली. इलेक्ट्रॉन असताना आणि नसताना त्याचा रंग किंचित बदलतो, त्यामुळे ते भरलेले आहे की रिकामे, हे बाहेरून मोजता येते. लाल प्रकाश टाकला की सायटोक्रोम रिकामे व्हायचे आणि त्यात हिरवा प्रकाश मिसळला की पुन्हा भरू लागायचे. म्हणजे एक प्रकाश त्यात इलेक्ट्रॉन ओततो आणि दुसरा त्यातून उपसतो. मग त्यांनी डायुरॉन हे तणनाशक घातले. भरणे थांबले, उपसणे मात्र चालू राहिले. दोन यंत्रणांच्या मधला रस्ताच बंद झाला होता. आपल्याकडे मक्यात आणि उसात फवारले जाणारे ॲट्राझिनही नेमक्या याच जागी जाऊन बसते.

आता सुरुवातीच्या हिशेबाकडे वळू. हे सगळे घडते हरितलवकातल्या थायलाकॉइड नावाच्या चपट्या पिशव्यांच्या पातळ पटलात. पाणी इलेक्ट्रॉन सहजासहजी सोडत नाही. तो ओढून घ्यायला फोटोसिस्टिम दोनमधले पी-६८० हे हरितद्रव्य लागते. प्रकाशाने एक इलेक्ट्रॉन गमावला की त्याची ओढ सुमारे १.२ व्होल्ट इतकी जबर होते, जी जीवसृष्टीत दुर्मीळच. पण इतक्या खालून निघालेला इलेक्ट्रॉन १.८ व्होल्टची उडी मारूनही उणे ०.६ च्या आसपासच पोचतो. एनएडीपी उणे ०.३२ वर आहे, तेव्हा उंची जेमतेम पुरते. खरी अडचण यापुढची आहे. उंचावर गेलेला इलेक्ट्रॉन तिथे टिकत नाही. क्षणात मागे पडून पी-६८० ला जाऊन मिळाला, तर सारी ऊर्जा उष्णता किंवा लालसर प्रकाश होऊन वाया जाते. म्हणून तो सेकंदाच्या अब्जांश भागाच्या आत पुढच्या रेणूंकडे सरकवला जातो आणि प्रत्येक पायरीला थोडी ऊर्जा मुद्दाम सोडली जाते. परतीचा रस्ता अवघड करण्याची ही किंमत आहे. ती चुकवून इलेक्ट्रॉन प्लास्टोक्विनोन या वाहकापाशी येतो, तेव्हा तो शून्य व्होल्टच्या आसपास उतरलेला असतो आणि एनएडीपी आता त्याच्या आवाक्याबाहेर असते.

त्यामुळे दुसरा उपसा लागतो. सांगली-साताऱ्याच्या उपसा सिंचन योजनांत पाणी एका दमात माथ्यावर नेत नाहीत, टप्प्याटप्प्याने चढवतात, तसेच हे आहे. फक्त इथे दोन टप्प्यांच्या मधला उतार वाया घालवलेला नाही. प्लास्टोक्विनोनकडून सायटोक्रोम बी-सिक्स-एफ या प्रथिनसमूहातून उतरताना इलेक्ट्रॉनाची ऊर्जा प्रोटॉनना पटलाबाहेरून पिशवीच्या आत ढकलते. पुढे प्लास्टोसायनिन त्याला फोटोसिस्टिम एकमधल्या पी-७०० कडे नेते. तिथला दुसरा फोटॉन त्याला उणे एक व्होल्टच्याही वर उचलतो आणि फेरेडॉक्सिनमार्गे तो एनएडीपीवर उतरतो. असे दोन इलेक्ट्रॉन आले की एक एनएडीपीएच तयार होतो.

एटीपी मात्र इलेक्ट्रॉनांपासून थेट बनत नाही, तो साठलेल्या प्रोटॉनांपासून बनतो. उजेडात पिशवीच्या आतला सामू बाहेरच्यापेक्षा बराच आम्लधर्मी असतो. हा फरकच इंधन आहे, हे आंद्रे जॅगेनडॉर्फ आणि अर्नेस्ट युरिबे यांनी १९६६ मध्ये अंधारात दाखवले. त्यांनी पालकाचे थायलाकॉइड सामू ४ च्या द्रावणात भिजवले, मग एकदम सामू ८ च्या द्रावणात टाकले आणि तिथे एडीपी व फॉस्फेट ठेवले. प्रकाशाचा एक कणही न लागता एटीपी तयार झाला.

हिशेब मांडून बघू. ऑक्सिजनचा एक रेणू निघताना पाण्यातून चार इलेक्ट्रॉन येतात, म्हणजे आठ फोटॉन लागतात आणि दोन एनएडीपीएच मिळतात. पाणी फुटताना चार प्रोटॉन आत राहतात, सायटोक्रोमपाशी आठ आणखी येतात, एकूण बारा. एटीपी बनवणाऱ्या फिरत्या प्रथिनाच्या चक्राला हरितलवकात चौदा पाकळ्या असतात. पूर्ण एका फेऱ्याला चौदा प्रोटॉन लागतात आणि तीन एटीपी सुटतात. बारा प्रोटॉनमध्ये म्हणून सुमारे २.६ एटीपीच मिळतात. कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू साखरेत बसवायला मात्र दोन एनएडीपीएच आणि पुरे तीन एटीपी हवेत. तूट भरून काढायला पान काही इलेक्ट्रॉन फेरेडॉक्सिनपासून मागे वळवून पुन्हा प्लास्टोक्विनोनमध्ये सोडते. या फेऱ्यात फोटोसिस्टिम एक एकटीच काम करते, प्रोटॉन साठत राहतात, पण एनएडीपीएच बनत नाही आणि ऑक्सिजनही निघत नाही.

ऊस, मका आणि ज्वारीत ही तूट आणखी मोठी असते. ही पिके कार्बन डायऑक्साइड आधी एका ठिकाणी पकडून दुसऱ्या ठिकाणी एकवटतात आणि या ने-आणीपायी एका रेणूमागे दोन एटीपी जास्त लागतात. त्यांच्या पानातल्या शिरांभोवती पेशींचे एक वेटोळे असते. तिथल्या हरितलवकांत थायलाकॉइडच्या नेहमीच्या थप्प्या जवळजवळ नसतातच, कारण थप्प्यांत राहणारी फोटोसिस्टिम दोनच तिथे अगदी कमी असते. झेड स्कीमचा पहिला टप्पा असा जवळपास काढून टाकलेला आणि वळसा घालणारी वाट चालू. त्यामुळे एटीपी भरपूर मिळतो, ऑक्सिजन फारसा निघत नाही आणि कार्बन बसवणाऱ्या एन्झाइमला ऑक्सिजनचा अडथळाही कमी होतो. एनएडीपीएचचा काही वाटा शेजारच्या पेशींकडून आलेले मॅलेट पुरवते. उरलेल्यासाठी अर्धवट तयार माल शेजारच्या पेशींकडे परत जातो, जिथे झेड स्कीमचे दोन्ही टप्पे चालू असतात.