०.३०६ आणि ०.३०७ यांच्यामधली रेघ

एक साधं गणित करून पाहू. शून्यापासून सुरुवात करायची. हाती असलेल्या संख्येचा वर्ग करायचा, त्यात एक ठरलेली संख्या मिळवायची. जे उत्तर येईल त्याचा पुन्हा वर्ग, पुन्हा तीच संख्या मिळवायची, आणि असंच पुढे. ठरलेल्या संख्येला c म्हणू आणि बदलत जाणाऱ्या संख्येला z. सूत्र एवढंच:

```
z → z² + c
```

c साठी ०.३ घेऊ. पहिल्या फेरीत ०.३, मग ०.३९, मग ०.४५२१, मग ०.५०४४. संख्या वाढते, पण अगदी रेंगाळत. सहाव्या फेरीला ती ०.६ च्या थोडी पुढे असते, दहाव्या फेरीत पहिल्यांदा १ ओलांडते. त्यानंतर मात्र तिला धरवत नाही: १.३८, २.१९, ५.११, २६.४, ६९८. आता c साठी ०.२५ घ्या. हीसुद्धा संख्या वाढत राहते, पण ०.५ च्या पलीकडे कधीच जात नाही. आणि c = -१ घेतलं तर z कायम -१ आणि ० यांच्यात येरझाऱ्या घालत राहतो.

म्हणजे c चे दोन प्रकार झाले: काहींच्या बाबतीत z निसटून अनंताकडे जातो, काहींच्या बाबतीत तो कायम आवाक्यात राहतो. हीच विभागणी संमिश्र संख्यांसाठी केली की मँडलब्रॉट संच मिळतो. संमिश्र संख्येला दोन भाग असतात, एक वास्तव आणि एक काल्पनिक, त्यामुळे ती कागदावरचा एक बिंदू म्हणून दाखवता येते: वास्तव भाग आडव्या अक्षावर, काल्पनिक भाग उभ्या अक्षावर. काल्पनिक एकक i चा वर्ग -१ असतो, एवढं लक्षात ठेवलं की वर्ग करणं शाळेतल्या बीजगणितासारखंच आहे. c = i घेऊन बघा. पहिल्या फेरीत i, दुसरीत -१ + i, तिसरीत -i, चौथीत पुन्हा -१ + i. इथून पुढे तेच दोन बिंदू आळीपाळीने येत राहतात, म्हणजे i हा बिंदू संचाच्या आत आहे.

संगणकाला चित्र काढायला सांगायचं ते असं: पडद्यावरचा प्रत्येक पिक्सेल म्हणजे एक c. त्या c साठी फेऱ्या मारायच्या. z निसटला नाही तर पिक्सेल काळा. निसटला, तर कितव्या फेरीत निसटला त्यावरून रंग.

पण निसटला हे ओळखायचं कसं? z चं शून्यापासूनचं अंतर २ च्या पुढे गेलं की तो परत येऊ शकत नाही. समजा c चं अंतर २ किंवा कमी आहे आणि z चं अंतर २.१ झालं. वर्ग केल्यावर ते ४.४१ होतं, आणि c मिळवल्यामुळे त्यातून फार तर २ कमी होऊ शकतात. म्हणजे वाईटात वाईट परिस्थितीतही २.४१ उरतात, आणि पुढच्या फेरीत हाच फरक आणखी मोठा होतो. c स्वतःच २ पेक्षा दूर असेल, तर z पहिल्या फेरीतच सुटलेला असतो.

रॉबर्ट ब्रुक्स आणि पीटर मॅटेल्स्की यांनी १९७८ मध्ये या संचाचं पहिलं चित्र काढलं तेव्हा ते छापलेल्या तारांकनांचं होतं: तारा म्हणजे आत, कोरी जागा म्हणजे बाहेर. १९८० मध्ये बेन्वा मँडलब्रॉट यांनी आयबीएमच्या न्यूयॉर्कजवळच्या संशोधन केंद्रात त्याची बारकाईने छाननी सुरू केली. पण आज आपल्याला परिचित असलेली चित्रं आतल्या काळ्या आकारामुळे नव्हे, तर त्याच्या बाहेरच्या रंगांमुळे ओळखू येतात. या बाहेरच्या भागाकडे पुष्कळ लोक सजावट म्हणून पाहतात, आणि ते मला पटत नाही. तिथला प्रत्येक रंग हे एक मोजमाप आहे. प्रश्न एवढाच, की ते किती काटेकोरपणे घेतलं जातं.

फेऱ्यांच्या आकड्यावरून रंग दिला की चित्रात पट्टे पडतात. डोंगराच्या नकाशावर समान उंचीच्या रेषा असाव्यात, तसे ते संचाला वेढून असतात. संचाजवळ दाट, दूर विरळ. हे पट्टे पडतात कसे ते अगदी जवळून बघू. c = ०.३०० असताना z बाराव्या फेरीत २ ओलांडतो. c = ०.३०६ असतानाही बाराव्याच. पण c = ०.३०७ केलं की अकराव्या. ०.३०० आणि ०.३०६ यांच्यात सहा हजारांशांचा फरक असून दोघांना एकच रंग, ०.३०६ आणि ०.३०७ एकमेकांना खेटून असूनही त्यांच्यामधून रंगाची रेघ गेली.

ही रेघ गणितात कुठेच नाही. ती आपल्या मोजण्यातून आली. अकराव्या फेरीत ०.३०६ चा z १.९१ वर होता, ०.३०७ चा २.०४ वर. एक उंबरठ्याच्या जराशी अलीकडे, एक जराशी पलीकडे. फेरी पूर्णांकात मोजली की हा बारीकसा फरक थेट एकाचा होतो.

उपाय असा, की z नुसता उंबरठा ओलांडतो का हे न बघता, ओलांडून किती पुढे गेला तेही बघायचं. बाराव्या फेरीत ०.३०० चा z २.१९ वर थांबला, म्हणजे उंबरठा जेमतेम ओलांडला. ०.३०६ चा मात्र ३.९६ पर्यंत पोचला. म्हणजे त्याची सुटका बाराव्या फेरीच्या सुरुवातीलाच झाली म्हणायला हरकत नाही. z मोठा झाला की c चं योगदान नगण्य ठरतं आणि प्रत्येक फेरीत नुसता वर्ग होत जातो. वर्ग केला की संख्येचा लॉगॅरिदम दुप्पट होतो. म्हणून फेरीचा अपूर्णांक काढायचा तर लॉगॅरिदमचा लॉगॅरिदम घ्यावा लागतो. उंबरठ्याला R म्हटलं तर पायथनमध्ये एवढंच:

```python
from math import log, log2

def escape(c, limit=1000, R=256.0):
    z = 0
    for n in range(1, limit + 1):
        z = z*z + c
        if abs(z) > R:
            return n - log2(log(abs(z)) / log(R))
    return None
```

z नेमका R वर असेल तर वजाबाकी शून्य येते. R च्या वर्गावर असेल तर पूर्ण एक. त्यामुळे एका फेरीचा शेवट आणि पुढच्या फेरीची सुरुवात एकमेकांना जुळतात. संचाच्या आतल्या बिंदूंसाठी हे सूत्र लावायचंच नाही. त्यांचा z निसटलेला नसतो, आणि शून्याचा किंवा ऋण संख्येचा लॉगॅरिदम घ्यायला गेलं की प्रोग्रॅम तिथेच अडतो.

कोडमध्ये R ला २ न घेता २५६ का घेतलं, हा प्रश्न पडायला हवा. R = २ ठेवून आपले तीन बिंदू मोजले तर ०.३०० ला ११.८२, ०.३०६ ला ११.०१ आणि ०.३०७ ला १०.९६ मिळतात. बरं दिसतं, पण बारकाईने पाहा: पहिल्या दोघांमध्ये दर हजारांशाला साधारण ०.१३५ ची घट आहे, आणि शेवटच्या हजारांशात एकदम ०.०५ च्या आतबाहेर. मधली रेघ पुसट झाली आहे, गेलेली नाही. कारण २ च्या आसपास c नगण्य नसतो: २ चा वर्ग ४, त्यात ०.३०६ मिळवले की ४.३०६, आणि आपलं सूत्र मात्र ४ गृहीत धरून चाललेलं. R = २५६ केलं की हेच बिंदू १४.७६, १४.०० आणि १३.८८ येतात. आता घट आधी दर हजारांशाला ०.१२७, नंतर ०.११५; सलग, हळूहळू कमी होत जाणारी. यासाठी दोनतीन फेऱ्या जास्त लागल्या, इतकीच किंमत. स्मूथ कलरिंग करूनही चित्रात पट्ट्यांच्या फिकट कडा दिसत असतील, तर बहुतेक वेळा R लहान ठेवलेला असतो.

या अपूर्णांकाला फ्रॅक्टलच्या पलीकडेही अर्थ आहे. विद्युतभार दिलेल्या धातूच्या वस्तूभोवती विभव कसा बदलतो, त्याचं जे गणित आहे तेच इथे मँडलब्रॉट संचाभोवती लागू पडतं. आपल्या गुळगुळीत आकड्यावरून तो विभव जवळजवळ थेट काढता येतो, आणि एकच आकडा असलेले बिंदू जोडले की समविभव रेषा मिळतात. आद्रियाँ दुआदी आणि जॉन हबर्ड यांनी १९८२ मध्ये हा संच सलग, एकसंध आहे हे सिद्ध केलं ते संचाबाहेरच्या याच विभवाचा आणि त्याला काटकोनात जाणाऱ्या रेषांचा आधार घेऊन. संचाला मँडलब्रॉटचं नाव त्यांनीच दिलं.

आकडा हाती आला की त्याचा रंग करायचा. रंगांची एक यादी घेऊन पूर्णांकावरून दोन शेजारचे रंग निवडायचे आणि अपूर्णांकाच्या प्रमाणात ते मिसळायचे. संचाच्या कडेला आकडा इतक्या झपाट्याने चढतो की रंगांचा चुराडा होतो. म्हणून यादीत शोधण्याआधी आकड्याचं वर्गमूळ किंवा लॉगॅरिदम घेतात. तरीही दाणेदारपणा उरला तर एका पिक्सेलमध्ये चार किंवा नऊ बिंदू मोजून त्यांच्या रंगांची सरासरी काढावी. आकड्यांची नव्हे. एका बिंदूचा आकडा २० आणि दुसऱ्याचा ९०० असला की त्यांची सरासरी ४६०, आणि त्या जागी तो रंग मुळात नसतोच.

राहता राहिला काळा रंग. बाहेरचा रंग मोजलेला असतो, काळा मात्र आपण गृहीत धरलेला असतो: ठरवलेल्या मर्यादेपर्यंत z निसटला नाही, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. c = ०.२५ च्या खोबणीजवळ हे गृहीतक हमखास फसतं. ०.२५ हा बिंदू संचात आहे, त्याच्या उजवीकडचा प्रत्येक वास्तव बिंदू बाहेर आहे. ०.२६ ला २ ओलांडायला ३० फेऱ्या लागतात. ०.२५०१ ला ३१२. मर्यादा १०० ठेवली असेल तर ०.२५०१ काळा रंगेल आणि खोबण असायला हवी तिथे फुगीर ढब्बा दिसेल. तपासायची रीत सोपी आहे: मर्यादा दुप्पट करा आणि तोच भाग पुन्हा काढा. काळा भाग आकसला, तर जेवढा आकसला तेवढा खोटा होता. आकसायचा थांबेपर्यंत मर्यादा वाढवत न्यायची.

०.२५०००१ ला ३१४० फेऱ्या लागतात. ३०, ३१२, ३१४०: डेव्हिड बॉल यांनी १९९१ मध्ये या संचाच्या अशा चिंचोळ्या जागांवर फेऱ्या मोजल्या आणि त्यांना आकड्यांत π दिसला. ०.२५ पासूनच्या अंतराचं वर्गमूळ काढून फेऱ्यांच्या संख्येला गुणलं की उत्तर π कडे सरकत जातं. त्यामुळे या खोबणीत किती खोल जायचं ते ठरलं, की मर्यादा किती ठेवायची हे चित्र काढण्याआधीच कळतं: π ला त्या वर्गमुळाने भागायचं.