आधी वाचा, मग बघा

समजा, वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर वारस नोंद करायची आहे आणि यूट्यूबवर 'वारस नोंद घरबसल्या, फक्त ५ मिनिटांत!' असा व्हिडिओ दिसतो. लांबी १८ मिनिटं. म्हणजे ५ मिनिटांचं काम सांगायलाच १८ मिनिटं लागणार आहेत. शीर्षकावरून विषय कळतो, त्यापलीकडे त्यावर विसंबू नये.

आधी अपलोडची तारीख बघावी. सरकारी पोर्टलचे पडदे बदलत असतात, त्यामुळे जुना व्हिडिओ इथे कामाचा नाही. मग वर्णन पूर्ण उघडावं. त्यात बऱ्याचदा जाहिरातीच्या लिंकच भरलेल्या असतात, पण खाली कुठेतरी प्रकरणांची यादी सापडते. ती बहुधा बनवणाऱ्यानेच 00:00 पासून वेळा टाकून केलेली असते. या यादीत नावांपेक्षा वेळांमधलं अंतर बोलकं असतं. 'वारस नोंद म्हणजे काय' 01:10 ला, 'कागदपत्रं' 05:40 ला आणि 'ऑनलाइन अर्ज' 08:20 ला असेल, तर साडेचार मिनिटं नुसत्या व्याख्येत गेली. ती बिनधास्त सोडावीत.

खरी परीक्षा उताऱ्यात, म्हणजे ट्रान्सक्रिप्टमध्ये. वर्णनाच्या तळाशी `Show transcript` दाबलं की बोललेलं सगळं वेळेसकट समोर येतं. ही सोय प्रत्येक व्हिडिओला नसते. असेल, तर संगणकावर `Ctrl+F` दाबून आपला नेमका प्रश्न शोधावा. आपल्या घरात मृत्युपत्र आहे, तेव्हा तोच शब्द टाकायचा. 'मृत्यू' आणि 'मृत्यु' दोन्ही करून बघायचं, कारण यंत्राने लिहिलेल्या उताऱ्यात शुद्धलेखनाचा भरवसा नाही. 'फेरफार'सुद्धा तिथे 'फेर फार' असा तुटलेला सापडतो, म्हणून नुसतं 'फेर' शोधलेलं बरं. समजा शब्द एकदाच सापडला, 17:05 ला, आणि ओळ निघाली: 'मृत्युपत्र असेल तर त्यावर वेगळा व्हिडिओ करू.' विषय संपला!

आता दोन ओळींचा सारांश कागदावर उतरवावा: 'ई-हक्कवर अर्ज कसा भरायचा ते 08:20 पासून आहे. मृत्युपत्राबद्दल काही नाही.' व्हिडिओत काय नाही हे लिहायला लोक विसरतात, पण बघायचं की नाही हे बहुधा तीच ओळ ठरवते.

उताऱ्यालाही मर्यादा आहेत. 'इथे क्लिक करा', 'हे असं भरा' अशी वाक्यं ओळीने दिसली, तर माहिती बोलण्यात नसून पडद्यावर आहे, आणि तेवढा तुकडा डोळ्यांनीच बघावा लागतो. आकडे आणि नावं यंत्र चुकीची ऐकतं. हरकतीची मुदत १५ दिवसांची असते. उताऱ्यात ५० दिसलं, तर त्या ओळीवर क्लिक करून स्वतःच्या कानांनी ऐका. आणि वक्त्यानेच चुकीचं सांगितलं असेल, तर ते कुठल्याच उताऱ्यावरून कळत नाही. त्यासाठी तलाठ्यालाच विचारावं लागतं.